लग्नाआधीचा नॉमिनी: बँक, विमा आणि पीएफमधलं नाव कसं तपासायचं, कसं बदलायचं

जळगावच्या एमआयडीसीत नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या आठ-दहा दिवसांतच त्याच्याकडून फॉर्मांचा गठ्ठा भरून घेतला जातो. पगाराचं खातं, पीएफ, कुठे गटविमा. प्रत्येकात 'नॉमिनी' असा एक रकाना असतो, आणि तिथे तो आईचं नाहीतर वडिलांचं नाव लिहून मोकळा होतो. वय एकवीस-बावीस, लग्न झालेलं नाही, दुसरं कोणाचं लिहिणार? त्या दिवशी ते नाव बरोबरच असतं.

अडचण पुढे होते. लग्न होतं, लेकरं होतात, वडील जातात, आणि फॉर्ममधलं नाव जिथल्या तिथे राहतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "नाव टाकेल शे ना, मंग काय चिंता?" फॉर्म भरून देण्याचं काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी पुढचा प्रश्न लगेच विचारतो. नाव कधी टाकलं, लग्नाआधी की लग्नानंतर? कारण लग्नाआधी टाकलेल्या नावाचं बँकेत एक होतं, विम्यात दुसरं आणि पीएफमध्ये तिसरंच.

एक घर डोळ्यासमोर ठेवू. माणसं आणि आकडे उदाहरणापुरते आहेत, नियम मात्र खरे.

एरंडोल तालुक्यातला एक फिटर. 2015 मध्ये त्याने गावाजवळच्या शाखेत बचत खातं उघडलं आणि वडिलांना नॉमिनी केलं. 2016 मध्ये जळगावला कारखान्यात लागला, पीएफमध्ये आईचं नाव दिलं. 2017 मध्ये 5 लाखांची आयुर्विमा पॉलिसी घेतली, तिथेही आई. 2019 मध्ये लग्न झालं. आज घरात बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि त्याच्यावरच अवलंबून असलेली आई आहे. वडील 2021 मध्ये वारले. खात्यात आणि ठेवीत मिळून 2 लाख 60 हजार आहेत, पीएफमध्ये 4 लाख 80 हजार. समजा उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर कोणते पैसे कोणाच्या हातात जातील?

बँकेत

बँकेतला नॉमिनी म्हणजे पैसे ज्याच्या हातात द्यायचे तो माणूस. पैसे त्याच्या मालकीचे होतातच असं नाही. त्याला पैसे दिले की बँक मोकळी होते, एवढाच त्या नावाचा अर्थ. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 45 झेडए मध्ये ही तरतूद आहे, आणि नॉमिनी पैसे घेतो ते वारसांच्या वतीने, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलं आहे. वारसांना नॉमिनीकडून आपला हिस्सा मागता येतो. बँक मात्र त्या भांडणात पडत नाही.

आपल्या फिटरच्या खात्यावर वडिलांचं नाव आहे आणि वडील नाहीत. म्हणजे त्या खात्याला नॉमिनीच नाही. बँकेला हे आपोआप कळत नाही, पासबुकावर वडिलांचं नाव तसंच छापून येत राहतं. घरच्यांना ते कळतं दाव्याच्या दिवशी. मग हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातले वारस, म्हणजे आई, बायको, मुलगा आणि मुलगी, यांचा प्रत्येकी पाव हिस्सा धरला जातो. हक्काचं गणित सोपं आहे, कागदांचं नाही. सगळ्या वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र, नुकसानभरपाईचा बाँड आणि जो पैसे घेणार नाही त्याचं संमतिपत्र मागितलं जातं. वारसांत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, मुलं असली की पालक म्हणून कोणी सही करायची हा प्रश्न येतो. सासू-सुनेचं पटत नसेल तर संमतिपत्रावरच गाडी अडते आणि दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणायची वेळ येते. नॉमिनी जिवंत असता तर मृत्यूचा दाखला, स्वतःचं ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज एवढ्यावर काम झालं असतं. पूर्ण कागद मिळाल्यावर अशा दाव्याचा निकाल बँकेने 15 दिवसांत लावायचा असतो.

विम्यात

इथे नॉमिनीचं वजन जास्त आहे. विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये 2015 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून आईवडील, नवरा किंवा बायको आणि मुलं यांपैकी कोणी नॉमिनी असेल, तर ती रक्कम त्याला लाभधारक म्हणून मिळते, नुसती हातात देण्यापुरती नाही. फिटरच्या पॉलिसीवर आई आहे, म्हणजे 5 लाख आईला जातील. बायकोला आणि लेकरांना त्यात वाटा आहे की नाही यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगवेगळं म्हटलं आहे, त्यामुळे ती भांडत बसली तरी हाती काय लागेल सांगता येत नाही. आई पैसे नातवंडांसाठीच वापरेल हे बहुतेक घरांत खरं असतं. पण आई सत्तरीची असेल, आणि पुढे तीही गेली, तर त्या पैशावर तिच्या इतर मुलामुलींचाही हक्क येतो. धाकटा भाऊ वाईट नसतो, पण त्याच्याही घरात खर्च असतात.

पीएफमध्ये

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना, 1952 च्या परिच्छेद 61 मध्ये लिहिलं आहे की सदस्याने लग्न झाल्यावर नव्याने नामनिर्देशन करायचं, आणि लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन रद्द समजलं जाईल. कोणी रद्द करावं लागत नाही, कोणी पत्रही पाठवत नाही. लग्न लागलं की जुनं नाव गेलं.

म्हणजे 2016 मध्ये आईचं नाव लिहिलं होतं ते 2019 पासून कामाचं नाही. नामनिर्देशन नसेल तर परिच्छेद 70 प्रमाणे रक्कम कुटुंबातल्या माणसांना सारखी वाटली जाते. कुटुंब म्हणजे कोण हे योजनेतच ठरलेलं आहे: पुरुष सदस्याच्या बाबतीत बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील, आणि वारलेल्या मुलाची विधवा व तिची मुलं. सज्ञान मुलगा आणि जिचा नवरा हयात आहे अशी लग्न झालेली मुलगी या वाटणीत धरली जात नाही. आपल्या फिटरच्या घरी चौघं होतात, म्हणून 4 लाख 80 हजारांचे चार भाग, प्रत्येकी 1 लाख 20 हजार. वाटणी वाईट नाही, पण ती त्याने ठरवलेली नाही. आई खरंच त्याच्यावर अवलंबून होती का, हेही कागदाने दाखवावं लागतं.

भावाचं किंवा मित्राचं नाव टाकणारेही भेटतात. कुटुंब असताना कुटुंबाबाहेरच्या माणसाचं नाव पीएफमध्ये चालतच नाही, आणि भाऊ या व्याख्येत बसत नाही. सुरतेला उधन्याकडे कामाला गेलेल्या पोरांच्या बाबतीत हे पुष्कळदा दिसतं. तिथे ज्या थोरल्या भावाकडे राहत होता त्याचंच नाव लिहून टाकलेलं असतं.

तर एकाच माणसाचे तीन ठिकाणचे पैसे तीन वाटांनी जाणार: बँकेचे चौघांत कागदपत्रांच्या फेऱ्या मारून, विम्याचे एकट्या आईकडे, पीएफचे चौघांत सारखे. आता हे सरळ कसं करायचं ते क्रमाने पाहू. सुरुवात पीएफपासून करा, कारण ते काम फुकट आणि घरी बसून होतं, आणि नाव गेलेलं असण्याची शक्यता तिथेच जास्त.

पीएफचं ई-नॉमिनेशन

बसण्याआधी तयारी करा. यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक, चालू झालेला हवा, आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा, कारण शेवटची सही त्यावर येणाऱ्या ओटीपीने होते. आधारला जुना बंद नंबर असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदला, नाहीतर सगळं भरून शेवटच्या पायरीवर अडकाल. ज्यांची नावं टाकायची त्यांचे आधार क्रमांक, जन्मतारखा आणि पासपोर्ट आकाराचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. फोटोची फाइल लहान लागते, साधारण 100 केबीच्या आत. तुमचा स्वतःचा फोटोही प्रोफाइलमध्ये चढवलेला असायला हवा, तो नसेल तर पोर्टल पुढे जाऊ देत नाही.

मग `unifiedportal-mem.epfindia.gov.in` उघडून यूएएन आणि पासवर्डने आत जा. वरच्या पट्टीत `Manage` मध्ये `E-Nomination` आहे. कुटुंब आहे का असं विचारलं जातं, तिथे हो म्हणा. त्यानंतर घरातल्या एकेकाची माहिती भरायची: नाव, आधार, जन्मतारीख, नातं, पत्ता, फोटो. नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. बायकोच्या आधारवर अजून माहेरचं नाव असेल तर आधी आधार बदलायचं की तसंच भरायचं, हा निर्णय इथेच घ्या. माझं मत, आधी आधार बदला. दोन आठवडे उशीर झाला तरी चालेल, पण दाव्याच्या वेळी ही बाई तीच आहे हे पटवून देण्याचा त्रास वाचतो.

अज्ञान मुलाचं नाव टाकलं तर पालकाचं नाव द्यावं लागतं. पालक म्हणून बायकोचं नाव स्वाभाविक आहे.

कुटुंब भरून झालं की `EPF Nomination` मध्ये कोणाला किती टक्के ते ठरवायचं. आपल्या फिटरने बायकोला 60 आणि आईला 40 टक्के दिले असं धरू. 4 लाख 80 हजारांचे बायकोला 2 लाख 88 हजार, आईला 1 लाख 92 हजार. बेरीज शंभर व्हायला हवी. यात मुलांना वेगळा वाटा न देण्याचं कारण व्यवहाराचं आहे. अज्ञान मुलाच्या नावाचे पैसे पालकाला सहज खर्चता येत नाहीत, आणि घर चालवायला तेच लागतात. ज्यांना नवरा-बायकोच्या पुढच्या भविष्याबद्दल शंका वाटते त्यांनी मुलांना वाटा लिहिणंच शहाणपणाचं. हा प्रत्येकाचा निर्णय.

या टक्क्यांवर पीएफशिवाय आणखी एक रक्कम अवलंबून असते. नोकरीत असताना सदस्य वारला तर ईडीएलआय या विमा योजनेतून जास्तीत जास्त 7 लाख रुपये मिळतात, आणि तेही पीएफच्या नॉमिनीलाच. अनेकांना ही योजना ठाऊकच नसते, कारण पगारातून तिची कपात होत नाही, वर्गणी मालक भरतो. पेन्शनचं मात्र वेगळं आहे. ती आधी बायकोला आणि पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना नियमानेच लागू होते, टक्के विचारले जात नाहीत. म्हणून कुटुंबाच्या यादीत बायको आणि मुलं असलीच पाहिजेत, भले पीएफचा वाटा फक्त आईला द्यायचा असो.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. `Save` दाबलं म्हणजे झालं नाही. सेव्ह केलेलं नामनिर्देशन ई-साइन होईपर्यंत अर्धवटच असतं. `e-Sign` दाबायचं, आधारचा ओटीपी टाकायचा, आणि मग परत त्याच पानावर येऊन नामनिर्देशन `Pending` मध्ये आहे की पूर्ण झालं ते बघायचं. सायबर कॅफेवाल्याने भरून दिलेलं आणि महिनोन्महिने पेंडिंगमध्ये लटकलेलं नामनिर्देशन, ही पीएफमधली नेहमीची गोष्ट आहे. सही झालेली पीडीएफ उतरवून घ्या, एक प्रत छापा आणि घरात ठेवा.

ई-नॉमिनेशन झालेलं असेल तर पुढे नॉमिनीला दावाही त्याच पोर्टलवरून, मालकाच्या सहीशिवाय ऑनलाइन करता येतो. ज्यांचा कारखाना बंद पडला त्यांच्या घरच्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.

नोकरी बदललेल्यांसाठी एक गोष्ट. जुन्या कारखान्याचा पीएफ क्रमांक तुमच्या आजच्या यूएएनशी जोडलेला नसेल, तर तिथले पैसे आणि तिथलं जुनं नाव दोन्ही मागे पडलेले असतात. ई-नॉमिनेशन करायच्या आधी तो पैसा आजच्या खात्यात वळवून घ्या. ग्रॅच्युइटीचं नामनिर्देशन याहून वेगळं, ते कंपनीच्या ऑफिसात होतं. लग्न झालेलं त्यांनाही कळवा.

बँकेतलं नाव

पासबुक भरून घ्या आणि पहिलं पान वाचा. नामनिर्देशन नोंदवल्याचा शेरा आणि नॉमिनीचं नाव तिथे असतं. नसेल तर काउंटरवर विचारा. मुदत ठेवीच्या पावतीवर वेगळं बघा, कारण प्रत्येक ठेवीचं नामनिर्देशन स्वतंत्र असू शकतं. बचत खात्यावर बायको आणि ठेवीवर वारलेले वडील, अशी सरमिसळ मी बऱ्याचदा पाहिली आहे.

1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेतला नियम बदलला आहे. आधी खात्याला एकच नॉमिनी देता येत होता, आता चारपर्यंत देता येतात, आणि दोन पद्धती आहेत. एक, सगळे एकाच वेळी, प्रत्येकाचा टक्का लिहून, बेरीज शंभर. दुसरी, क्रमाने: पहिला हयात असेल तर सगळं त्याला, तो नसेल तर दुसऱ्याला, आणि पुढे तसंच. लॉकरसाठी फक्त क्रमाची पद्धत आहे.

आपल्या फिटरच्या घराला मी क्रमाची पद्धत सुचवेन. आधी बायको, मग आई. खात्यातला पैसा हा किराणा, दवाखाना आणि पहिल्या दोन महिन्यांच्या खर्चाचा असतो. तो एका हातात आणि लवकर यावा. शिवाय वाटून दिलेल्या टक्क्यांतला एखादा नॉमिनी आधीच वारला, तर त्याच्या हिश्शाचं नामनिर्देशन संपतं आणि तेवढ्या भागासाठी पुन्हा वारसांचे कागद येतात. क्रमाच्या पद्धतीत हा धोका कमी.

फॉर्म शाखेत मिळतो, बऱ्याच बँकांच्या मोबाइल अ‍ॅपमध्येही नाव बदलता येतं. अंगठा लावणाऱ्या खातेदाराला दोन साक्षीदार लागतात, सही करणाऱ्याला नाही. आईच्या किंवा आजीच्या खात्यासाठी शाखेत जाताना शेजारचे दोघं बरोबर न्या, नाहीतर दुसरी फेरी ठरलेली. फॉर्म दिल्यावर पोच मागा. तीन कामाच्या दिवसांत पोच देणं बँकेला बंधनकारक आहे. पोच हातात आली तरी आठवड्याने पासबुक पुन्हा छापून नाव बदललं का ते पाहा.

संयुक्त खात्याबद्दल गैरसमज आहे. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असं खातं असेल आणि नवरा वारला, तर पैसे बायको काढू शकते, नॉमिनीचा संबंध दोघं गेल्यावरच येतो. पण नॉमिनी टाकताना किंवा बदलताना दोघांची सही लागते.

खात्याला जोडलेल्या 436 रुपयांच्या जीवनज्योती आणि 20 रुपयांच्या सुरक्षा विम्याचा नॉमिनी कोण नोंदला आहे, तेही त्याच खेपेत विचारून घ्या. प्रत्येकी 2 लाखांचा प्रश्न आहे. गावातल्या पतसंस्थेत ठेव असेल तर तिथे बँकेचा हा कायदा लागत नाही, संस्थेचे स्वतःचे नियम असतात, म्हणून तिथला अर्ज वेगळा करा.

विम्याच्या पॉलिसीत

पॉलिसीचे कागद काढून पहिल्या पानावरचा नॉमिनी वाचा. बदलायचा असेल तर ज्या शाखेतून पॉलिसी चालते तिथे लेखी सूचना द्यावी लागते. विमा कंपनीला कळवलंच नाही आणि कंपनीने जुन्या नॉमिनीला पैसे दिले, तर कंपनी जबाबदार राहत नाही. म्हणून इथेही नोंद झाल्याचा कंपनीचा कागद घेऊन तो पॉलिसीला टाचून ठेवा. एजंटला "नाव बदलून टाक" असं फोनवर सांगणं म्हणजे बदल नव्हे.

नॉमिनी एकाहून जास्त देता येतात. फिटरने बायकोला 4 लाख आणि आईला 1 लाख जावेत असं ठरवलं तर 80 आणि 20 टक्के लिहायचे. मुलाचं नाव द्यायचं असेल तर तो सज्ञान होईपर्यंत पैसे कोणी घ्यायचे त्या माणसाचं नाव लिहावं लागतं, आणि त्याची संमतीची सही लागते. या जागी मुलाचे काका लिहायची आपल्याकडे सवय आहे. आई असताना काका कशाला, हे मला कधी कळलेलं नाही.

मुलाबाळांना नेमकी कशी वाटणी व्हावी हे ठामपणे ठरवायचं असेल, विशेषतः बँकेच्या पैशाचं, तर मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही.

नावातला फरक

दावा अडण्याचं सगळ्यात साधं कारण नाव जुळत नाही हे असतं. घरात भागाबाई, आधारवर भागीरथीबाई, पासबुकात भागीरथा. कोणाचं नाव नवऱ्याच्या नावासह, कोणाचं वडिलांच्या. फॉर्म भरताना समोरच्या माणसाने ऐकून लिहिलेलं असतं. नॉमिनी हयात आहे, हक्काचा आहे, आणि तरी तिला प्रतिज्ञापत्रासाठी तालुक्याला जावं लागतं. म्हणून तिन्ही ठिकाणी नॉमिनीचं नाव आधारवर आहे तेच लिहा, जन्मतारीखही तीच. आधारवरच चूक असेल तर तिथून सुरुवात करा.

पुन्हा कधी बघायचं

लग्न, मूल, नॉमिनीचा मृत्यू, घटस्फोट, नवी नोकरी, नवी ठेव. यातलं काहीही झालं की त्या महिन्यात तिन्ही ठिकाणी बघायचं. घटस्फोटाचा बँकेतल्या किंवा विम्यातल्या नामनिर्देशनावर आपोआप काही परिणाम होत नाही. सोडलेल्या बायकोचं नाव राहिलं तर पैसे तिच्याकडेच जातील, हे लक्षात ठेवा.

वर्षातून एकदा बघायला मी लोकांना आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, सांगतो. सालदाराचं साल त्या दिवशी बदलतं, पितरांची घागर भरली जाते, आणि लेकी माहेरी आलेल्या असतात. घरातल्या बायकांना कागद कुठे आहेत ते दाखवायला याहून सोयीचा दिवस नाही. आणि दाखवायचंच आहे. ज्या पॉलिसीबद्दल, ज्या यूएएनबद्दल बायकोला माहीतच नाही, तिथे नॉमिनी म्हणून तिचं नाव असून काय उपयोग? एका वहीत बँक, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, पॉलिसी क्रमांक, यूएएन, आणि कोणाचं नाव कोणत्या तारखेला टाकलं, एवढं लिहा. पासवर्ड आणि पिन त्या वहीत लिहू नका. दाव्याला ते लागत नाहीत, आणि माणूस गेल्यावर त्याचं एटीएम वापरून पैसे काढले तर नॉमिनी स्वतःच अडचणीत येतो.

वेळ आलीच तर

मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करा, आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून घ्या. बँक, विमा, पीएफ, पोस्ट, सगळे एकेक ठेवून घेतात. दाखल्यावरचं नाव आधारशी जुळतं का ते खिडकी सोडण्याआधी वाचा, नंतर दुरुस्ती करायला वेळ जातो. पीएफसाठी नॉमिनीने तीन दावे करायचे असतात: पीएफचा फॉर्म 20, पेन्शनचा 10-डी आणि ईडीएलआयचा 5-आयएफ. बरेच लोक पहिला करून थांबतात आणि पेन्शन किंवा 7 लाखांपर्यंतचा विमा तसाच राहतो. तिन्ही एकत्र मागण्याचा एकच फॉर्मही आहे, तो मागा.

घरात कोणाचं जुनं खातं असल्याची नुसती कुणकुण असेल, पासबुक सापडत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या `udgam.rbi.org.in` वर नाव टाकून शोधता येतं. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण वारसाचा हक्क जात नाही. दावा तरीही त्या मूळ बँकेकडेच करायचा असतो.